पाकिटावरची सोनेरी पट्टी: आरोग्यमंत्र्यांना ठाण्याहून खुलं पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांत मी सव्वीस वर्षं खोकी छापली. मिठाईची, साबणाची, अत्तराची. सिगारेटचं काम आमच्याकडे कधी आलं नाही, पण पाकीट कसं बोलतं ते मला ठाऊक आहे, म्हणून सिगारेटची पाकिटं बिनसजावटीची, साधी करावीत हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. गिऱ्हाईक नमुना घेऊन यायचं आणि म्हणायचं, "हातात घेतल्यावर भारी वाटलं पाहिजे." मग आम्ही सोनेरी फॉइल मारायचो, नाव एम्बॉस करून उठवायचो, फक्त अक्षरांवर चकाकी चढवायचो. आतला माल तोच असायचा, पण दुकानदार त्याचे जास्त पैसे मागू शकायचा.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याच्या पिशवीतून एक पाकीट खाली पडलं. पोरगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. त्याला बोलायच्या आधी मी ते पाकीट डिंकाच्या सांध्यावरून उकललं आणि खिडकीपाशी उजेडात तिरकं धरलं. पुढून-मागून ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र, नियमाप्रमाणे. पण उरलेल्या पट्टीत फॉइल होतं, नाव उठवलेलं होतं, दोन्ही बाजूंना गडद निळा रंग, झाकणाच्या आतल्या कागदावरही नक्षी. जेवढी जागा कायद्याने सोडली तेवढ्यात सगळी कारागिरी कोंबली होती. पुतण्याला विचारलं, हीच का घेतोस? म्हणाला, "काका, ही हलकी असते." हलकी आहे असं त्या पाकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्याला निळ्या-चंदेरी रंगाने सांगितलं होतं.

साध्या पाकिटाचा कायदा नेमका याच जागेवर बोट ठेवतो. ऑस्ट्रेलियाने तो २०११ मध्ये केला आणि १ डिसेंबर २०१२ पासून दुकानांत लागू केला. त्यातले तपशील वाचताना मला वाटलं, हे कुणा छपाईवाल्याला शेजारी बसवूनच लिहिलं असावं. रंग एकच, पॅन्टोन ४४८ सी, म्हणजे मळकट हिरवट तपकिरी. कुठला रंग सर्वांत नकोसा वाटतो हे सिगारेट ओढणाऱ्यांनाच विचारून तो निवडला. सुरुवातीला त्याला 'ऑलिव्ह' म्हटलं जायचं, तर तिथल्या ऑलिव्ह बागायतदारांनी हरकत घेतली. पृष्ठभाग मॅट, चकाकी नाही. उठाव नाही, कडा सरळ. ब्रँडचं नाव सगळ्यांना एकाच टायपात, १४ पॉइंटांपेक्षा मोठं नाही, तेही करड्या रंगात. नाव काढलेलं नाही, गिऱ्हाइकाला ब्रँड ओळखता येतो. काढलंय ते फक्त त्या नावाभोवतीचं तेज.

परिणाम आधी जिभेवर दिसला. नवी पाकिटं बाजारात येत असताना तिथल्या संशोधकांनी ओढणाऱ्यांना विचारलं, तेव्हा साध्या पाकिटातली सिगारेट वर्षापूर्वीपेक्षा कमी दर्जाची आणि कमी समाधान देणारी वाटते, असं सांगणारे जास्त निघाले. ज्याने आयुष्यभर डबे छापले त्याला याचं नवल वाटत नाही. त्याच पेढ्याला साधा पुठ्ठा दिला की तो शिळा वाटतो, हे आम्ही रोज पाहायचो.

आकडाही सांगतो, पण वाढवून नाही. ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०१६ च्या आढाव्यात धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण १९.४ वरून १७.२ टक्क्यांवर आलेलं दिसतं. त्या घसरणीचा साधारण पाव भाग, म्हणजे ०.५५ टक्के, पाकिटातल्या बदलाचा धरला आहे, आणि त्या बदलात मोठे केलेले इशारेही आले. उरलेल्या घसरणीमागे करवाढीसारखी इतर कारणं. नुसत्या पाकिटाने व्यसन सुटत नाही. पण जो अजून ठरवतोय, त्याच्या हाताला ते कमी ओढतं.

आता कंपन्यांचं. आपण हा विषय काढलात तर पहिली नोटीस मालमत्तेच्या नावाने येईल: आमचा ट्रेडमार्क सरकारने हिसकावला. ऑस्ट्रेलियात हाच दावा सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये सहा विरुद्ध एक असा फेटाळला गेला. न्यायालयाचं म्हणणं असं, की कंपनीला तिचं चिन्ह वापरता येत नाही हे खरं, पण त्यातून सरकारच्या पदरात कुठलीही मालमत्ता पडलेली नाही, मग ती 'घेतली' कशी म्हणायची?

दुसरी वाट जास्त चलाख होती. सरकारने साध्या पाकिटाची घोषणा एप्रिल २०१० मध्ये केली. फिलिप मॉरिसच्या हाँगकाँगमधल्या कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचे शेअर आपल्याकडे घेतले आणि मग हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराचा आधार घेऊन सरकारवर दावा लावला. म्हणजे भांडण दारात उभं आहे हे दिसल्यावर, त्या भांडणासाठीच पत्ता बदलला. लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये हा हक्काचा गैरवापर ठरवून दावा काढून टाकला. जागतिक व्यापार संघटनेत काही देशांनी केलेली तक्रारही २०१८ मध्ये आणि अपिलात २०२० मध्ये टिकली नाही. पण तोवर कितीतरी वर्षं गेली, आणि त्या वर्षांत इतर देश थांबून पाहत राहिले. मला वाटतं, कंपन्यांना हवं होतं ते एवढंच.

आपल्याकडेही हे झालं आहे. ८५ टक्के इशारा १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला तेव्हा मोठ्या कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून आज इशारा एवढा मोठा दिसतो.

साधं पाकीट नकली करायला सोपं, हेही ऐकवलं जाईल. यावर मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने बोलतो. फॉइल आणि एम्बॉसिंग हे संरक्षण नव्हे. नमुना आणून दिला तर ब्लॉक आणि डाय चार दिवसांत तयार होतात. नकली ओळखायची असेल तर डोळ्यांना न दिसणारी खूण किंवा सांकेतिक क्रमांक लागतो, आणि तो ठेवायला ऑस्ट्रेलियाचा कायदा परवानगी देतो.

पाकिटाचा नियम दिल्लीचा, हे मला माहीत आहे. तरी पत्र आपल्याला, कारण अर्धं काम महाराष्ट्राच्या हातात आहे. आपल्याच खात्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुट्या कांडीवर इशारा नसतो. आज संध्याकाळी सहानंतर ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला दहा मिनिटं उभं राहावं. टपरीवर एकेक कांडी विकली जाते आणि पाकीट फळीवर राहतं, रंगीत बाजू रस्त्याकडे करून. गिऱ्हाइकाच्या हातात इशारा येत नाही, डोळ्यांत जाहिरात मात्र जाते. असंच चालू राहिलं तर उद्या साधं पाकीट आलं, तरी ते टपरीवाल्याजवळच राहील.

म्हणून दोन मागण्या. सुट्या विक्रीवरच्या बंदीची कारवाई आधी स्टेशन आणि कॉलेजांच्या परिसरात सुरू करावी, आणि किती टपऱ्यांवर झाली ते दर तीन महिन्यांनी जाहीर करावं. आणि साध्या पाकिटासाठी केंद्राच्या तंबाखूविषयीच्या कोटपा कायद्यात दुरुस्ती करावी, असं राज्याच्या वतीने केंद्राला लेखी कळवावं. त्यात बिडीचं बंडल आणि तंबाखूची पुडी वगळू नये.

या पत्राची एक प्रत टपालाने मंत्रालयात पाठवली आहे. तिच्यासोबत पुतण्याचं ते उलगडलेलं पाकीट जोडलं आहे. इशारा सोडून जिथे जिथे छपाईची करामत आहे, तिथे पेन्सिलीने गोल केले आहेत. एकूण सात निघाले.

आपला,
एक निवृत्त छपाई कामगार
किसननगर, ठाणे