रवळनाथाची मागची भिंत

प्रिय बाळ्या,

चार महिने तुझ्या फोनला उत्तर नाही, राग धर, पण आधी हे वाच. घरी सगळी बरी, आईचा गुडघा तसाच.

परवा गाभाऱ्याची मागची भिंत ठोकून बघितली, आपण दोघांनी सिमेंटच्या गोण्या वाहिल्या ती. बद्द आवाज आला. छिन्नी घातली तर हातभर पापुद्रा निघाला आणि मागच्या जांभ्याची मुठीत भुकटी, वर पांढरा लोणा. पाणी भेगांतून आत जातंय, सिमेंट त्याला बाहेर सोडत नाही, मग मीठ चिऱ्यातच फुलतं आणि चिरा फोडतं. तेव्हा गुरवाचे आजोबा चुनाच लावा म्हणून भांडत होते आणि तू त्यांना गप्प केलंस, मी पण तुझ्याच बाजूनं बोललो. रात्रभर तेच डोक्यात.

म्हणून अनुदानाचा अर्ज केला, तो परत आला. मी लिहिलेलं 'भिंत दुरुस्ती, दोन लाख', आणि फायदा काय तर 'देवळाचं जतन होईल'. त्यांनी विचारलं, दोन लाख कशावरून, आणि जतन झालं हे मोजणार कसं? आधी चिडलो, मग पटलं.

आता तीन चौरस मीटरचा तुकडा करूनच बघितला. एक गवंडी, दोन गडी, सिमेंट काढायला अख्खा दिवस, कारण मशीन लावलं तर चिराच तुटतो. चुन्याचा एक थर दिवसाला पाच चौरस मीटर होतो. तीन भिंती मिळून ४५ चौरस मीटर, म्हणजे काढायला १५ दिवस, दोन थरांना १८, एकूण ३३, रोज २,२०० प्रमाणे मजुरी ७२,६००. चुना, वाळू, परांची वेगळी. आता कोणी विचारलं तर प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता येतं.

मोजायचं कसं, यावर लई डोकं खाल्लं. ओल मोजायचं यंत्र आणलं, पण मीठ असलं की ते ओल जास्तच दाखवतं, नुसत्या त्याच्यावर भरवसा नाही. म्हणून भिंतीवर १२ खुणा केल्यात, यंत्राचे आकडे त्याच जागी मे आणि नोव्हेंबरला घ्यायचे, आणि खाली कागद पसरून महिन्याला पडलेली भुकटी तोलायची. कामाआधीचे आकडे आत्ताच घ्यायला लागलोय, ते नसले तर नंतरच्या आकड्यांना अर्थच नाही. एक अडचण आहे, सिमेंट निघालं की आतलं मीठ नव्या चुन्यावर येणार, पहिल्या वर्षी भुकटी वाढलेलीच दिसेल. म्हणून लक्ष्य दुसऱ्या पावसाळ्यानंतरचं लिहिलंय, आणि पहिल्या वर्षी का वाढेल तेही आधीच सांगून टाकलंय.

पण पंच ऐकायला तयार नाहीत रे. त्यांना त्याच पैशात फरशी आणि भिंतीला ऑइलपेंट पाहिजे. पेंट लावला की परत दारं बंद, सिमेंटच झालं ते! आणि पैसे उन्हाळ्यात आले तरी उपयोग नाही, आपल्या खानापूरच्या पावसात चुना मुरत नाही, नोव्हेंबरातच सुरू करायला पाहिजे.

तुझी बदली झाली का, पोरीचं दहावीचं वर्ष ना? वहिनीला नमस्कार सांग.

पुढच्या रविवारी ठरावाची बैठक आहे. तू ये. त्या गोण्यांचं आपण दोघांनी मिळून सांगितलं तर ऐकतील, मी एकट्यानं सांगून होत नाही.

तुझा,
म्हाद्या