आधी देणगी माग

प्रिय मित्रा,

ब्लॉगमधून पैसे मिळवायचे तर सभासदत्व, देणगी की प्रायोजित लेख, यांपैकी सुरुवात कशाने करू, असं तू विचारलंस. तुझे नियमित वाचक 400. तेवढ्यावर मी तरी सभासदत्वाला आत्ता हात लावणार नाही.

मी तिथूनच सुरुवात केली होती, म्हणून सांगतो. पहिल्या महिन्यात 9 सभासद झाले आणि मी हरखून गेलो. त्यांना दरमहा एक जादा लेख कबूल केला होता. तो लिहायला मला दोन सुट्ट्या लागायच्या, आणि तो वाचायचे ते नऊच जण. सगळ्यांसाठीचं लिखाण मागे पडलं, तसे नवे वाचक येणं थांबलं. पाच महिन्यांत तिघं कमी झाले. मला वाटलं, लेख आवडले नसतील. विचारलं तर कळलं की दोघांच्या कार्डाची मुदत संपली होती. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता! तोवर मी विनाकारण लिहिण्याची पद्धत बदलून बसलो होतो.

देणगीत असं देणं अंगावर येत नाही. पण नुसतं बटण लावून ठेवलंस तर कुणी दाबत नाही. वर्षातून एकदा, एका ठरावीक खर्चासाठी, आकडा सांगून माग: ब्लॉगच्या इंटरनेटवरच्या जागेचं वर्षाचं भाडं इतकं, त्यातले इतके जमले. दरमहा थोडे घेण्यापेक्षा एकदम घे. पैसे पोचवणाऱ्या सेवा बहुधा टक्केवारीखेरीज दर व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही कापतात. समज, ती कपात 1 आहे. दरमहा 10 घेतलेस तर वर्षाच्या 120 मधले 12 तिथेच गेले. 120 एकदम घेतलेस तर फक्त 1.

पहिल्या वर्षी किती जणांनी दिलं, यावर जाऊ नकोस. त्यात ओळखीपाळखीचे बरेच असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले किती परत देतात ते मोज. निम्म्याहून अधिक परतले आणि त्यात अनोळखी लोक असले, तर सभासदत्वाचा विचार कर. तेव्हाही जादा लेख कबूल करू नकोस. लेख सगळ्यांना खुले ठेव आणि सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क दे.

प्रायोजित लेखाचे पैसे एकरकमी येतात, म्हणून मोह होतो. मला आलेल्या एका प्रस्तावात ‘हा लेख प्रायोजित आहे असं लिहू नका’ अशी अट होती. त्यांना माझे वाचक नकोच होते, फक्त माझ्या पानावरून त्यांच्याकडे जाणारा दुवा हवा होता, म्हणजे शोधयंत्रात त्यांचं पान वर येईल. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याच्या कोडमध्ये `rel="sponsored"` ही खूण लावावी असं गूगल 2019 पासून सांगतं, म्हणजे दुवा पैशांचा आहे हे शोधयंत्राला कळतं. समोरच्याला हे आधीच कळव. दुव्यासाठी आलेला तिथेच गप्प होतो. जो थांबेल त्याच्याशी बोल, पण ‘प्रायोजित’ हा शब्द शीर्षकाखालीच यायला हवा आणि मजकुरावर शेवटचा हात तुझाच फिरायला हवा.

पहिलं आवाहन लिहिलंस की पाठवण्याआधी मला दाखव. आकडा लिहिताना तू संकोचशील, हे मला ठाऊक आहे.

तुझाच,
जुना मित्र