वारसाच्या फ्लॅटवरची करकपात: अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय: अनिवासी वारसदाराच्या घरविक्रीवरील टीडीएस आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र

महोदया,

मी पुण्यातली निवृत्त गणित शिक्षिका. आमच्या वडिलांनी २०१२-१३ साली ५० लाखांना घेतलेला फ्लॅट मृत्युपत्राने मला आणि माझ्या धाकट्या भावाला निम्मा निम्मा आला. भाऊ मेलबर्नला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तो फ्लॅट आम्ही १ कोटी २० लाखांना विकला. भावाच्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर सह्या मीच केल्या, त्यामुळे दोघांचे हिशेब माझ्याच वहीत आहेत. तेच आपल्यापुढे ठेवते.

दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ६० लाख आले. माझ्या ६० लाखांतून खरेदीदाराने १ टक्का, म्हणजे ६० हजार कापले. भावाच्या ६० लाखांतून मात्र साडेबारा टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, असे १४.३ टक्के गेले. म्हणजे ८ लाख ५८ हजार. फ्लॅट एक, वडील एक, खरेदीदारही एकच.

आता खरा कर किती ते पाहा. वारसाने आलेल्या घराला वडिलांचीच खरेदी किंमत धरतात, म्हणजे प्रत्येकी २५ लाख. भावाचा नफा ३५ लाख. त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून ४ लाख ५५ हजार. भारतात त्याचं दुसरं उत्पन्न नाही आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असल्याने अधिभार लागतच नाही. म्हणजे ४ लाख ३ हजार जास्तीचे कापले गेले. कपात नफ्यावर न होता पूर्ण विक्री किमतीवर झाली, हे त्याचं कारण.

माझं गणित याहून वेगळं. मी निवासी असल्याने जुन्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय मला आहे. २०१२-१३चा निर्देशांक २००, २०२५-२६चा ३७६. त्यामुळे माझे २५ लाख ४७ लाख धरले जातात, नफा १३ लाखच उरतो आणि कर होतो २ लाख ७० हजार ४००. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात निर्देशांक काढल्यावर देशभर ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये आपण तो पर्याय परत दिला, पण फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. भावाच्या वाट्याला महागाई आलीच नव्हती, असं म्हणायचं का?

तरी दराबद्दल मी फार भांडणार नाही. परदेशात राहणाऱ्याकडून कर वसूल करणं अवघड, म्हणून आधी कापून घ्यायचा, हे मला समजतं. शिवाय जुन्या कायद्याचं कलम १९५ फक्त करपात्र रकमेवरच कपात करा असं सांगत होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली जीई इंडिया प्रकरणात तेच म्हटलं. पण कमी कापलं आणि पुढे कमी ठरलं, तर कर आणि व्याज खरेदीदाराच्या मानगुटीवर बसतं. मग विक्रेत्याच्या नफ्याचा हिशेब तो कशाला करील? त्याचा सीए सांगतो, पूर्ण रकमेवर काप आणि मोकळा हो. उलट काही जण मुखत्याराचा पुण्याचा पत्ता पाहून १ टक्काच कापतात. कपात मालक निवासी की अनिवासी यावर ठरते, सही कोण करतो यावर नाही, हे त्यांना नोटीस आल्यावर कळतं.

यावर उपाय म्हणून कायद्यात कमी कपातीचं प्रमाणपत्र आहे. ट्रेसेस संकेतस्थळावर अर्ज करायचा, वडिलांचा खरेदी करार, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, मागची विवरणपत्रं, नफ्याचा तक्ता आणि विक्रीच्या कराराचा मसुदा जोडायचा. घर २००१च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१चं मूल्यांकनही. अधिकारी पाहतो आणि किती टक्के कापायचं ते लिहून देतो. आमच्या बाबतीत ते साधारण साडेसात टक्के निघालं असतं.

अडचण पुढेच आहे. प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावे निघतं खरं, पण ते बांधलेलं असतं ठरावीक खरेदीदाराच्या टॅनशी, म्हणजे कर कापणाऱ्याला आयकर खातं देतं त्या क्रमांकाशी. म्हणजे आधी गिऱ्हाईक हवं, त्याने एका फ्लॅटसाठी टॅन काढायला हवा, आणि मग आमचा अर्ज. तोवर गिऱ्हाईक टोकन देतं. त्या टोकनवरही कपात करायची, आणि हातात नसलेलं प्रमाणपत्र दिल्या पैशांना मागाहून लागू होत नाही. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाने टॅन काढला, अर्जही गेला, पण मध्येच त्याला दुसरीकडे फ्लॅट मिळाला. तो गेला तसा आमचा अर्जही वाया गेला. दुसरा खरेदीदार म्हणाला, “काकू, थांबायचं असेल तर मी दुसरा फ्लॅट बघतो.” त्याचं कर्ज मंजूर झालेलं होतं, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. पूर्ण रकमेवर कपात कबूल करून मी सही केली.

शिवाय प्रमाणपत्र फार तर ३१ मार्चपर्यंतचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचा चेक अडला आणि नोंदणी एप्रिलवर गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

जास्त कापलं तर परतावा मिळतो, असं सगळे सांगतात. मिळतो. पण वर्ष संपून विवरणपत्र भरल्यानंतर, आणि त्यावर महिना अर्धा टक्का व्याज धरलं जातं ते पुढच्या १ एप्रिलपासून. ऑगस्ट २०२५ मध्ये कापलेल्या रकमेला मार्च २०२६पर्यंत एक पैसा व्याज नाही. उलट खरेदीदाराने कापलेला टीडीएस भरायला उशीर केला, तर त्याला महिना दीड टक्का द्यावा लागतो.

२०२६च्या अर्थसंकल्पात आपण निवासी खरेदीदाराला टॅनऐवजी पॅनवर हा टीडीएस भरू देण्याचं ठरवलंत. ते बरं केलंत, पहिल्या गिऱ्हाइकाचा निम्मा वैताग त्याने वाचला असता. पण प्रमाणपत्र खरेदीदाराच्या टॅनऐवजी त्याच्या पॅनला बांधलं, तर गिऱ्हाईक बदलल्यावर आमचं तेच होणार. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, ही गाठ मात्र सुटली नाही.

म्हणून मागणी अशी. वारसाने आलेल्या घरासाठी प्रमाणपत्र घर आणि विक्रेता यांच्या नावाने, खरेदीदार ठरण्याआधीच मिळावं. मूळ खरेदी किंमत वडिलांच्या नोंदणीकृत करारात लिहिलेलीच आहे, ती गिऱ्हाइकागणिक बदलत नाही. विक्री किमतीसाठी टक्केवारीऐवजी सूत्र लिहून द्या: नोंदणीकृत विक्री किमतीतून इतकी रक्कम वजा, उरलेल्यावर इतका दर. खरेदीदाराचा पॅन कपात भरताना चलनात येईलच. मुदत आर्थिक वर्षाऐवजी दिलेल्या तारखेपासून बारा महिने ठेवा. आणि हे जमेपर्यंत निदान जास्तीच्या कपातीवरचं व्याज सरकारकडे पैसे जमा झाल्याच्या दिवसापासून मोजा.

भावाचं विवरणपत्र भरून झालं आहे. परतावा त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या बँक खात्यात यायचा आहे.

आपली,
पुण्यातील एक ज्येष्ठ नागरिक