शेरूची खाज आणि न दिसणारी पिसू

अंबाजोगाई,
१२ ऑगस्ट

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या आतून केस गेलेत, शेरू रात्रभर चावून घेतो, आणि शेजारच्यांनी खरूज म्हणून जळकं ऑइल लावायला सांगितलंय. ते लावू नकोस. चाटून पोटात गेलं तर विष आहे. पिसू एकही दिसली नाही, असं तू लिहितोस, पण मला संशय तिचाच आहे.

आमच्या मोत्याचंही असंच झालं होतं. त्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी निघाली. इतर कुत्र्यांना दहा चावल्या तरी थोडं खाजतं. ॲलर्जीवाल्याला एकच चावली तरी कातडी कित्येक दिवस पेटलेली राहते. शिवाय असं जनावर सतत चाटतं, चावतं, त्यात पिसू गिळून टाकतं. म्हणून सापडत नाही. तू बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचर आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाक. कडेने तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तरी पिसू नाही, असं मात्र धरू नकोस.

आता माझी चूक सांगतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध मानेवर टाकलं आणि आठवड्यात मोत्या शांत झोपू लागला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा! औषध बोगस म्हणून मी बंदच केलं. खरं म्हणजे त्या नव्या होत्या. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती अंगावर चिकटत नाहीत, गळून पडतात, जनावर झोपतं तिथे. अळ्या अंधारात, वाकळेच्या घडीत, फटीत वाढतात आणि मग कोश करतात. कोशावर औषध फारसं चालत नाही; आतली पिसू कित्येक महिने थांबू शकते आणि कुणी जवळून चाललं, ऊब लागली की बाहेर पडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे जास्त फोफावतं.

म्हणून यंदा मी तीन महिने एकही मात्रा चुकवली नाही. ओसरीतली वाकळ दर आठवड्याला कढत पाण्यात धुवून कडक उन्हात टाकली, कोपरे नि फटी रोज झाडल्या आणि केर जाळला. घरातल्या तिन्ही जनावरांना एकाच दिवशी औषध दिलं. एक राहिलं की तिथूनच सगळं परत सुरू होतं.

तुझी मनी पोट चाटून टक्कल करतेय, मानेवर बारीक खपल्या आहेत, असंही लिहिलंयस. मांजरात ही ॲलर्जी बहुतेक अशीच दिसते. पण शेरूचं औषध तिला लावू नकोस. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येऊन जीव जातो. जखमा चिघळल्या असतील तर डॉक्टरांना आधी त्या दाखव. पिसवेचं औषध चिघळलेली कातडी बरी करत नाही.

औषधाच्या मात्रेसाठी दोघांचं वजन करून घे आणि मला कळव. रविवारी मी येतो, फणी घेऊन.

तुझा,
विठ्ठल