ओंकारला, पगाराच्या हिशेबाबद्दल

सांगली,
१५ डिसेंबर २०२५

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

सकाळी तुझा ‘पोचलो’ एवढाच मेसेज आला. काल रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसताना तू पपांच्या पाया पडलास आणि माझ्याकडे न बघता वर चढलास. असू दे. तुझ्या थकलेल्या पगारावर फोनवर बोललो की आपलं पुन्हा तेच होणार, म्हणून लिहितेय. निवांत वाच, पण शेवटपर्यंत वाच.

भाड्याचा विषय मी काढणार नाही. क्रेडिट कार्डाचाही नाही.

तू म्हणालास, ‘आई, तुला स्टार्टअप कळत नाही.’ नसेल कळत. पण सल्लागारांच्या ऑफिसात टेबलावर बसून मी लहान कंपन्यांचे पीएफ आणि टीडीएस भरत आले. कंपनी अडचणीत आली की पैसे थांबवायचा एक क्रम असतो, आणि तो फाउंड्री असो की सॉफ्टवेअर, फारसा बदलत नाही. बँकेचा हप्ता शक्यतो चुकवत नाहीत, कारण खातं थकीत झालं की पुढचं कर्ज बंद. जीएसटी ओढूनताणून भरतात, कारण तो भरला नाही तर गिऱ्हाईकाचं क्रेडिट अडकतं आणि ते फोन करून जीव खातं. पीएफसाठी मात्र कोणी फोन करत नाही. ज्याच्या पगारातून तो कापलाय त्याला पत्ताच नसतो. म्हणून आधी पीएफ थांबतो, मग पगार उशिरा व्हायला लागतो, मग अर्धा होतो, मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ सुरू होतं.

म्हणून काल जेवताना मी तुला पीएफचं पासबुक उघडायला लावलं. तुझ्या शेवटच्या नोंदीत जुलैचा पगार आहे. ऑगस्टच्या पगारातून कापलेले १,८०० रुपये १५ सप्टेंबरपर्यंत जमा व्हायला हवे होते, ते आजही दिसत नाहीत. नोव्हेंबरची मुदत आज आहे. तेवढेच कंपनीनेही घालायचे असतात, तेही नाहीत. पगाराला उशीर झाला तर ‘क्लायंटकडून आले नाहीत’ हे मी समजू शकते. पण तुझ्या स्लिपवर कपात दाखवून ते पैसे दुसरीकडे वळवणं हा गुन्हा आहे, आणि हे तुझ्या सरांच्या हिशेबनीसाला चांगलं माहीत असणार. सर बोलतात काय त्यापेक्षा पासबुकात काय दिसतं ते बघत जा. तिथे कोणाला गोड बोलता येत नाही.

सर वाईट माणूस आहेत असं मी म्हणतच नाही. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी तुला न मागता रजा दिली, रात्री अकराला फोन करून चौकशी केली. मी ते विसरलेले नाही. तू त्यांना सोडून जायला तयार नाहीस याचा मला राग येतो आणि अभिमानही वाटतो, दोन्ही एकदमच. पण चांगल्या माणसाच्या खात्यातसुद्धा पैसे नसले तर नसतात. आणि तुझं भाडं त्यांच्या चांगुलपणातून जात नाही. बघ, आलंच.

पपांच्या कारखान्यातलं तुला थोडंफार आठवत असेल. गाळप सुरू झालं की पगार होईल, साखर विकली की होईल, निवडणूक झाली की नवे संचालक करतील. मागचे बुडतील या भीतीने माणसं पुढचा महिना काम करायची, आणि मग त्या महिन्याचेही मागच्यात जमा व्हायचे. गल्लीतल्या दुकानदाराने आपली वही बंद केली नाही, हे त्याचे उपकार. त्या दिवसांत तू एकदा शाळेच्या सहलीला जायचंच नाही म्हणालास, पोटात दुखतंय म्हणून. तुझ्या पोटात दुखत नव्हतं, हे मला माहीत होतं. नंदूकाका तेव्हाच कारखाना सोडून कुपवाडच्या एमआयडीसीत गेले. लोक त्यांना पळपुटा म्हणाले. पण त्यांचे जे अडकले ते तेवढेच राहिले, वाढले नाहीत.

हे सगळं तुझ्या आकड्यांत मांडते. हातात ४६,००० येतात. सप्टेंबरचे २३,००० राहिले, ऑक्टोबर पूर्ण, नोव्हेंबर पूर्ण. म्हणजे आज १,१५,००० येणं आहे. तुझ्या नेमणूकपत्रात ६० दिवसांची नोटीस आहे, हे तू विसरतोस. २२ तारखेला राजीनामा दिलास आणि नोटिशीचे दिवसही कोरडेच गेले, तर २० फेब्रुवारीपर्यंत येणं दोन लाख चाळीस हजारांच्या घरात जाईल. ‘मार्चपर्यंत बघू’ म्हणून फेब्रुवारीअखेर दिलास, तर एप्रिल संपेपर्यंत ३,४५,०००. लाखभराचा फरक नुसता वाट बघण्यात. आणि तेवढे दिवस तू कार्डाची किमान रक्कम भरणार, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढणार. म्हणजे कंपनीला पैसे तू उसने देतोयस, आणि तेही दुसऱ्याकडून उसने आणून.

सोडलं की मागचे बुडतात, ही तुमच्या टीममधली समजूत खरी नाही. २१ नोव्हेंबरपासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत. आधीच्या कायद्यात पगाराची मर्यादा होती. आता तसं नाही, साहेब म्हणवणाऱ्यांनाही लागू आहे. दावा करायला तीन वर्षं मिळतात. पण कायद्यात आहे म्हणजे हातात आलं असं समजू नकोस. कामगार कार्यालयात तारखा पडतात. आणि कंपनी दिवाळखोरीत जाऊन मोडीत निघाली तर तारण असलेली बँक आधी, तुझ्यासारख्यांचा पगार तिच्यामागे, तोही फक्त शेवटच्या बारा महिन्यांचा. म्हणून येणं लहान असतानाच बाहेर पड म्हणते.

आता कागदांचं. तुमचं सगळं तोंडी आणि व्हॉट्सॲपवर चाललंय. सर ग्रुपवर लिहितात, ‘गाइज, २० तारखेला क्लिअर करतो.’ राजीनामा दिलास की पहिल्यांदा त्या ग्रुपमधून काढतील. आजच ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःच्या मेलवर ठेव. नेमणूकपत्र, सगळ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, रजेच्या पोर्टलवरची हजेरी, हे सगळं स्वतःकडे घे. मात्र कंपनीचा कोड किंवा गिऱ्हाईकांच्या फाइली चुकूनही नकोत. मग पगाराचं राहील बाजूला आणि तुझ्यावरच चोरीचं बालंट येईल.

सर केबिनमध्ये बोलावून काही सांगतील, तर त्याच दिवशी मेल टाक. रागाचा शब्द नको. मी मजकूर देते, तुझ्या इंग्रजीत कर:

‘सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे माझ्या थकीत वेतनापैकी २३,००० रुपये २० डिसेंबरला जमा होतील. आजअखेर सप्टेंबरचे २३,०००, ऑक्टोबरचे ४६,००० व नोव्हेंबरचे ४६,०००, असे एकूण १,१५,००० रुपये येणे आहेत. ऑगस्टपासूनचा पीएफही खात्यात दिसत नाही. यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्याला त्यांनी ‘ओके, प्लीज बेअर विथ अस’ एवढंच उत्तर दिलं तरी आकडा लेखी मान्य झाल्यासारखाच. पुढे कोणी ‘याचे एवढे निघतच नाहीत’ म्हणायला लागला तर हा मेल बोलेल.

सही करताना जप. ‘फुल अँड फायनल मिळाले, काही येणे नाही’ या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करायची नाही, अनुभवपत्र अडवलं तरी. पुढच्या तारखेचा चेक दिला तर घे, पण तारखेपासून तीन महिन्यांत भर. तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जायला लागते. इथे माणसं ‘सरांशी बोलतो’ म्हणत महिना घालवतात आणि हातातलं चांगलं हत्यार बोथट करून बसतात.

फार झालं ना? पपा म्हणतायत, ‘पत्र लिहितेयस की सर्क्युलर?’ रागावू नकोस. लहानपणी तुझ्या चड्डीच्या खिशात चिल्लर ठेवताना मी दोनदा मोजायची, तशीच आहे अजून.

माझं म्हणणं एवढंच आहे. २० तारीख सरांनीच दिलीय, ती बघू. त्या दिवशी सप्टेंबरचे राहिलेले आले आणि ऑगस्टचा पीएफ दिसला, तर ७ जानेवारीपर्यंत थांब. तेव्हा डिसेंबरचा पगार पूर्ण यायला हवा. २० तारखेला ‘अजून चार दिवस’ ऐकायला मिळालं, तर सोमवारी २२ ला राजीनामा. त्यात कारण लिही, वेतन थकलं म्हणून, आणि नोटीस पंधरा दिवसांवर आणायची विनंती कर. बहुतेक मान्य करतील, न देता येणारा पगार त्यांनाही वाढवायचा नसणार. मान्य केलं तर लेखी घे. त्यानंतरही पैसे नाही आले तर मागणीपत्र स्पीड पोस्टाने पाठवू, रजिस्टर आता त्यातच विलीन झालंय. मग कामगार कार्यालय. पीएफची तक्रार वेगळी, ती epfigms.gov.in वर, ती मी भरून देईन. आणि दुसरीकडे अर्ज करायला २० तारखेची वाट बघायची काही गरज नाही, ते आजपासून. तीन वर्षांत तू जे शिकलास ते त्या ऑफिसात ठेवून येणार नाहीयेस.

ठरवायचं तूच आहेस. तू नाही सोडलंस तरी मी अबोला धरणार नाही, फक्त मेल तेवढा टाक.

भाड्याचे नऊ हजार तुझ्या खात्यात पाठवलेत. परत पाठवशील तर मी पुन्हा पाठवेन, उगाच बँकेला त्रास. कार्डाचं पूर्ण बिल किती आहे तो खरा आकडा मला नको, पपांना सांग. ते ओरडत नाहीत. चटणीचा डबा इथेच राहिलाय, शनिवारी मिरजेच्या बाळूच्या हाती पाठवते. रात्री नुसत्या मॅगीवर झोपू नकोस.

तुझी,
आई