‘चे’ आणि ‘ने’ : शिक्षणमंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सोलापूर, १२ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

आज राज्यभरच्या शाळांत जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती साजरी होते. आमच्याकडे या तारखेला आणखी एक स्मरण असतं. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. मी इतिहास आणि नागरिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. या दिवशी कुठली ना कुठली शाळा मला मुलांशी बोलायला बोलावते. हार घालून झालेले असतात, मुलांना भूक लागलेली असते, आणि माझ्या वाट्याला एक तास येतो.

गेल्या वर्षी अशाच एका तासाला मी सांगत होतो, की १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि जवळजवळ सात आठवडे इथे कायद्याचं राज्य नव्हतं. आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, असं कसं? मार्शल लॉ म्हणजे लॉच की! नावातच लॉ आहे.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. मीच इतकी वर्षं मुलांकडून “कायद्याचे राज्य म्हणजे सर्वांनी कायद्याचे पालन करणे” असं उत्तर घोकून घेतलं आणि त्याला पूर्ण गुणही दिले. त्या उत्तराप्रमाणे पाहिलं तर मे १९३० मधलं सोलापूर कायद्याच्या राज्याचा आदर्श नमुना ठरतं. तेव्हा लोकांनी कायदा पाळला नसता तर करणार काय होते?

मी फळ्यावरच्या ‘कायद्याचे राज्य’मधला ‘चे’ पुसला आणि ‘ने’ लिहिला. कायद्याने राज्य. एका अक्षराचा बदल. ‘चे’ असतं तेव्हा राज्य कायद्याचं, म्हणजे राज्य करणाराही कायद्याखाली. ‘ने’ झालं की कायदा हे हत्यार. काठीने मारावं तसं कायद्याने राज्य करायचं, आणि काठी ज्याच्या हातात आहे त्याच्या पाठीवर ती कधीच पडत नाही. परीक्षेत हे एवढं एक अक्षर तपासलं जात नाही, अशी माझी तक्रार आहे. तिच्यासाठीच हे पत्र.

साहेब, सोलापूरची हकीगत आपल्याला ठाऊक असेल, तरी मुलांना सांगतो तशी सांगतो. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. आम्ही अजून ते छाती काढून सांगतो. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ही अटकही मुलांनी नीट पाहण्यासारखी आहे. मिठाचा कायदा मोडल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरता आला असता. तसं न करता सरकारने १८२७ सालचं मुंबई इलाख्याचं एक रेग्युलेशन बाहेर काढलं. माणसाला आरोप न ठेवता, कोर्टापुढे उभं न करता, सरकारच्या मर्जीपर्यंत डांबून ठेवण्याची सोय त्यात होती. शंभर वर्षांहून जुना कागद, पण होता कायदाच. त्या कायद्याने गांधीजी जानेवारी १९३१ पर्यंत येरवड्यात राहिले.

अटकेची बातमी आली तशी सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडणाऱ्या जमावावरून वाद पेटला, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले, कोर्टही पेटवलं. मी हे मुलांपासून लपवत नाही. जमावानेही कायदा हातात घेतला होता, आणि मेलेले पोलीस कुणाचे तरी मुलगेच होते. पुढचे काही दिवस पोलीस शहराबाहेर आणि स्वयंसेवक शहर सांभाळताहेत, असं चाललं. मग १२ मे रोजी लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला. तो ३० जूनपर्यंत होता. तिरंगा बाळगणं गुन्हा झाला, गांधी टोपी घालणं गुन्हा झाला. या राजवटीला आधार म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी खास सोलापूरच्या नावाचा वटहुकूम काढला. असा वटहुकूम सहा महिन्यांपुरता कायदाच असे, आणि तो काढायला व्हाइसरॉयची एक सही पुरत असे. म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलीचं म्हणणं कागदोपत्री अगदी पक्कं.

मग चुकलं कुठे? हे सांगायला मी एक खेळ घेतला. वर्गातल्या एका मुलाला ‘राजा’ केलं आणि त्याच्या कानात नियम सांगितला. त्याने जाहीर केलं, “निळ्या शाईचं पेन वापरणाऱ्याने मधल्या सुट्टीत वर्ग झाडायचा.” मग तो मुलांच्या वह्या तपासू लागला, आणि त्याही पहिल्या तासाच्या! वर्गात एकच गलका झाला. “सकाळी लिहिलं तेव्हा नियमच नव्हता!” त्याच्या स्वतःच्या खिशात निळं पेन आहे, हे कुणीतरी पाहिलं. तो म्हणाला, “मी राजा आहे.” एक मुलगा म्हणाला, माझं पेन निळं नाही, जांभळं आहे. त्याची तक्रार ऐकणार कोण? राजाच. त्याने ‘निळंच’ म्हणून निकाल दिला.

पाच मिनिटांत मुलांनी तीन गोष्टी स्वतःहून पकडल्या. नियम आधी सांगायला हवा. तो करणाऱ्यालाही लागू हवा. आणि मोडला की नाही हे ठरवणारा माणूस वेगळा हवा. मार्शल लॉत आदेश काढणारे लष्करी अधिकारी आणि शिक्षा देणारी लष्करी न्यायालयं एकाच साखळीतली होती, हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलं नाही.

चौथी गोष्ट मात्र सहजासहजी येत नाही. मी विचारलं, “समजा राजाने आधी सांगितलं, स्वतःलाही नियम लावला, निकाल देणारा वेगळा नेमला. आता नियम असा की या शहरात कुणीही गांधी टोपी घालायची नाही. कलेक्टरनेही नाही. झालं का कायद्याचं राज्य?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आलं, “सर, पण कलेक्टर कुठं घालत होता टोपी?”

मंत्रिमहोदय, या उत्तराला मी किती गुण द्यायचे ते आपणच सांगा. सगळ्यांना सारखा दिसणारा नियम एकाच बाजूच्या डोक्यावर कसा बसतो, हे त्या पोराने एका वाक्यात सांगितलं. म्हणून नियम करणाऱ्याच्याही वर असं काहीतरी लागतं, जे त्याला स्वतःच्या सहीने पुसता येत नाही. आपल्याकडे ते मूलभूत हक्क आहेत, आणि त्यांच्याशी विसंगत कायदा रद्द ठरवू शकणारं न्यायालय. १९३० च्या टोपीला असं दार ठोठावायला नव्हतं. कायद्याच्या अभ्यासकांत यावर वाद आहे, हेही मी सांगतो. काहींच्या मते पहिल्या तीन गोष्टी म्हणजेच कायद्याचं राज्य, चौथी हा न्याय-अन्यायाचा वेगळा प्रश्न. मला ते पटत नाही. आठवीच्या वर्गाने पाचांत चार मतांनी माझी बाजू घेतली, पण खडू माझ्या हातात होता, हेही खरं.

या चौघांच्या फाशीची गोष्टही इथेच येते. ती लष्करी न्यायालयाने सुनावलेली नव्हती. खटला नेहमीच्या सत्र न्यायालयात चालला. त्या काळीही फाशीला हायकोर्टाची मान्यता लागायची, आणि ती मिळाली. मुलं गोंधळतात. पायऱ्या सगळ्या होत्या, मग? मग मी त्यांना विचारतो, की जे कायदे या खटल्यात वापरले ते करण्यात सोलापूरकरांचा हात किती होता, आणि साऱ्या शहराला धडा शिकवायला निघालेल्या सरकारपुढे आरोपींचा वकील किती मोठ्याने बोलू शकत होता. इथे मी उत्तर देत नाही, कारण एका शब्दाचं उत्तर नाही.

हे सगळं इंग्रजांबरोबर गेलं, असं मुलांना वाटू देऊ नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने सकाळच्या वहीवर दुपारचा नियम लावून शिक्षा देणं बंद केलं, हे खरं. पण आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की बेकायदा अटकेविरुद्धही या काळात कोर्टात दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी नाही म्हटलं. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत अशी तरतूद केली. ‘मार्शल लॉ’ हा शब्दसुद्धा घटनेतून गेलेला नाही. अनुच्छेद ३४ मध्ये तो आहे. त्या काळात केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण देण्याचा आणि दिलेल्या शिक्षा वैध ठरवण्याचा अधिकार संसदेला आहे. पोरांना हे कळलं की ती माझ्याकडे फसवल्यासारखी बघतात.

उलट बाजूचं उदाहरण मात्र शाळेतच सापडतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. छडी ज्याच्या हातात, त्यालाच बांधणारा कायदा. हे वाचून दाखवलं की मुलं मागच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या वर्गशिक्षकांकडे वळून पाहतात. ‘चे’ समजल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

माझं मागणं दोनच ओळींचं आहे. इतिहासातला सोलापूरचा मार्शल लॉ नागरिकशास्त्राच्या तासालाही शिकवण्याची सूचना शाळांना द्यावी. आणि परीक्षेत “कायद्याचे राज्य म्हणजे काय?” या प्रश्नाऐवजी एखादा नियम छापून द्यावा, खरा किंवा बनवलेला, आणि विचारावं, की हा ‘चे’ आहे की ‘ने’, आणि कशावरून? असा प्रश्न तपासणं अवघड जाईल आणि शिक्षक कुरकुर करतील, हे मला ठाऊक आहे. मीही केली असती. हा बदल केलात तर कृपा करून शाळा सुरू होण्याआधी परिपत्रक काढा. आपल्या खात्याचे शासन निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने येतात तेव्हा शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जातं, ते इथे लिहीत नाही.

कळावे,

आपला,
सोलापुरातील एक निवृत्त शिक्षक