थकबाकीच्या हप्त्यांचा प्रस्ताव नव्याने मांडण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर

महोदय,

दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी थकबाकी फेडण्यासाठी दिलेला अर्ज आपण मला वाचायला दिलात. माणूस सचोटीचा आहे आणि पैसे बुडवण्याचा त्यांचा विचार नाही, याची मला खात्री आहे. तरीही अर्ज आहे तसा मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी शाहूपुरीत ठोक व्यापाऱ्याकडे उधारीची वसुली पाहते. अशा मोघम कागदावरून गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही दुखावलेले मी पाहिले आहेत.

अर्जातले मुख्य वाक्य असे आहे: “थकबाकी येत्या पाच महिन्यांत हप्त्याने भरेन, चालू मेंटेनन्सही देईन, ऊसबिल आले की मोठी रक्कम देईन, हप्ता मागेपुढे झाल्यास सांभाळून घ्यावे.” यात एकूण रक्कम नाही, तारीख नाही, आणि “सांभाळून घ्यावे” म्हणजे किती दिवस तेही नाही. आपल्या उत्तराच्या मसुद्यातली “अन्यथा योग्य ती कारवाई होईल” ही ओळही तितकीच मोघम आहे.

आधी रक्कम पक्की करू. खजिनदारांच्या वहीप्रमाणे 30 सप्टेंबरअखेर मेंटेनन्सचे 66,000 आणि व्याजाचे 9,000, असे एकूण 75,000 रुपये येणे आहे. हा आकडा सभासदांनी मान्य केल्याची सही पहिल्याच परिच्छेदाखाली घ्यावी. 1 ऑक्टोबरपासूनचे व्याज यात धरलेले नाही, हेही तिथेच लिहावे. व्याजाचा दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला आहे, म्हणून माफीचा विषयही सभेपुढेच न्यावा. समितीने परस्पर शब्द देऊ नये.

समितीत समान हप्त्यांची सूचना झाली होती. दरमहा 15,000 आणि वर 3,000 चालू मेंटेनन्स त्यांना नोव्हेंबरमध्ये झेपणार नाही, कारण त्यांचा हात चालतो तो तोड झाल्यावर. पण हप्ता “बिल आल्यावर” असाही बांधता येत नाही. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी बिले लांबतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणून तारीख कॅलेंडरची घ्यावी, आणि मोठे हप्ते थोडी सवड ठेवून लावावेत:

10 नोव्हेंबर: हप्ता 5,000 + चालू 3,000 = 8,000
10 डिसेंबर: हप्ता 5,000 + चालू 3,000 = 8,000
10 जानेवारी: हप्ता 5,000 + चालू 3,000 = 8,000
10 फेब्रुवारी: हप्ता 30,000 + चालू 3,000 = 33,000
10 मार्च: हप्ता 30,000 + चालू 3,000 = 33,000

प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा मुद्दाम वेगळा दाखवला आहे, कारण त्या दिवशी खात्यातून जाणार आहे ती हीच रक्कम. पैसे कशात जमा होतील हेही लिहावे: आधी त्या महिन्याचे 3,000, मग हप्ता. हे ठरले नसेल तर 8,000 आल्यावर खजिनदार सगळे जुन्या बाकीत टाकतील आणि सभासदांना वाटेल चालू महिना भागला. समजा 6,000 च आले, तर 2,000 चा हप्ता चुकला असेच धरावे.

आता हप्ता चुकल्यास काय. 17 तारखेपर्यंत थांबायचे. तोवर पूर्ण रक्कम आली नाही तर 18 ला सचिवांनी लेखी सूचना देऊन पोच घ्यायची, आणि 28 पर्यंत मुदत द्यायची. तेव्हाही भरणा झाला नाही, तर हप्त्यांची सवलत संपते आणि उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. उदाहरणार्थ, पहिले तीन हप्ते वेळेवर आले आणि फेब्रुवारीचा चुकला, तर 15,000 फिटलेले असतील आणि 28 फेब्रुवारीनंतर उरलेले 60,000 एकरकमी मागता येतील. त्यानंतर समिती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करील. “योग्य ती कारवाई” याऐवजी हे शब्द यावेत. पाणी तोडणार नाही आणि फलकावर नाव लावणार नाही, हेही मसुद्याच्या त्याच कलमात लिहावे. त्यांच्या घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती त्याचीच आहे.

एक गोष्ट समितीने स्वतःलाही लावून घ्यावी. 28 नंतर आलेले पैसे गुपचूप घेऊन पुढे चालू दिले, तर मार्चमध्ये ही अट कुणी मानणार नाही. पैसे जरूर घ्यावेत, पण पावतीवर “सवलत संपल्यानंतर, एकूण बाकीपोटी जमा” असे लिहावे. सवलत पुन्हा द्यायची असेल तर समितीचा ठराव करून नव्या तारखा लिहून द्याव्यात.

येत्या बैठकीआधी सभासदांना बोलावून हा मसुदा त्यांच्यासमोर वाचावा. फेब्रुवारीची तारीख त्यांना अवघड वाटली तर ती आताच बदलावी. मग दोन प्रतींवर सह्या होऊन एक त्यांच्याकडे राहू द्यावी. मसुदा टाइप करून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक सभासद, तिसरा मजला